शाळेची किल्ली गुरुजींच्या खिशात, गुरुजी चंदगडात

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. आणि तुमच्यापैकी कुणी शाळेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत किंवा तालीम मंडळात कागदपत्रं सांभाळत असेल, तर आधी चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात भुदरगड तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. नाव लिहित नाही, कारण अशा शाळा एक नाही, डझनानं आहेत. जुन्या विद्यार्थ्यांची बातमी करायची होती आणि मला काही जुने फोटो हवे होते. नव्यानं आलेल्या मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "सगळं ड्राइव्हवर आहे बघा. जनरल रजिस्टरचं स्कॅनिंग, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, सहलीचे फोटो, सगळं." लॅपटॉप उघडला. खात्यातनं कसं कोण जाणे बाहेर पडलं होतं. पासवर्ड डायरीत होता, तो टाकला. मग पडद्यावर आलं, की तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथं 'होय' दाबा.

फोन कुणाचा? आधीच्या मुख्याध्यापक गुरुजींचा. गुरुजी कुठं? बदली होऊन चंदगडात. मॅडमनी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, "आपण ज्या व्यक्तीशी..." मॅडम हसत म्हणाल्या, "भाऊ, हे नेहमीचंच आहे. गुरुजींना दुपारच्या सुट्टीत रेंज येते. तेव्हा ते 'होय' दाबतात आणि इकडं आमची शाळा उघडते."

हसण्यावारी न्यायचं म्हटलं तर जाईल. पण जरा विचार करा. पन्नास-साठ वर्षांच्या मुलांच्या नोंदी ज्या खात्यात आहेत, त्याची किल्ली एका माणसाच्या खासगी फोनमध्ये आहे. तो माणूस सज्जन आहे म्हणून चाललंय. उद्या त्यांचा फोन फुटला, नंबर बदलला, माणूस निवृत्त होऊन मुलाकडं पुण्याला गेला, तर? कपाटाची किल्ली, शिक्के, रोजकीर्द, डेड स्टॉक रजिस्टर हे सगळं चार्ज यादीत लिहून, मोजून, सह्या करून दिलं-घेतलं जातं. खात्याचा चार्ज मात्र कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही.

मी हे शहाणपण शिकवायच्या आविर्भावात लिहीत नाही. मी स्वतः या बाबतीत महामूर्ख ठरलेला माणूस आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल.

२०२४ चा जुलै. पाऊस कसा होता ते तुम्हाला आठवत असेल. वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलेलं, मी फोटो काढायला उतरलो आणि पाय सरकला. मला लोकांनी धरलं, फोनला कुणी धरलं नाही. फोन, त्यातलं सिम, सगळं वेदगंगेला अर्पण. वार मंगळवार.

फोनचं दुःख नव्हतं. बारा वर्षांचं काम ड्राइव्हवर होतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे फोटो होते. आणि एक फोल्डर असा होता, जो मला पुन्हा कधीच करता येणार नाही. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला, सात जण हुतात्मा झाले, हे आपल्या गावात पोरासोरांना माहीत आहे. त्या वेळी जी माणसं लहान होती, ज्यांनी ती रात्र घरातनं, माळ्यावरनं ऐकली, अशा काही म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यांतली बहुतेक आता नाहीत.

मी निर्धास्त होतो. कारण मी 'टू-स्टेप' चालू केलेलं होतं. म्हणजे नुसत्या पासवर्डानं खातं उघडत नाही, दुसरा पुरावा लागतो. चोराला पासवर्ड कळला तरी तो दारातच अडतो. फारच उत्तम. नवीन फोन आणला, पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं: तुमच्या फोनवर 'होय' दाबा. तो फोन वेदगंगेत. Try another way दाबलं. म्हणाला, मेसेज पाठवतो. सिम त्याच फोनमध्ये. पुन्हा Try another way. म्हणाला, तुमच्याकडं आठ आकडी बॅकअप कोड असेल तर टाका.

होते की! दहाच्या दहा कोड मी चालू करतानाच उतरवून घेतले होते. फाइल नीट जपूनही ठेवली होती. कुठं? ड्राइव्हवर, 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरात.

पेटीची किल्ली पेटीत टाकून कुलूप लावणारा माणूस बघायचा असेल, तर गारगोटीत माझ्या घरी या.

लॅपटॉपवर खातं उघडं असतं तर सुटलो असतो, पण पंधरा दिवसांपूर्वीच तो दुरुस्तीला देऊन कोरा करून आणला होता. मग खातं परत मिळवायचा अर्ज भरला. नवा फोन, आधी कधी न वापरलेलं नेट, आणि एकही पुरावा हातात नाही. उत्तर आलं, खातं तुमचंच आहे अशी खात्री पटत नाही. मी चिडलो, पण नंतर विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. माझ्या जागी चोर असता तर तोही अगदी हेच बोलला असता, फोन पाण्यात गेलाय, पासवर्ड माहिती आहे, सोडा आत. इथं काउंटरपलीकडं ओळखीचा माणूस नसतो. "मी अमक्याचा मुलगा" म्हणून भागत नाही.

उरला मार्ग एकच, त्याच नंबरचं नवं सिम. दुकानात गेलो. पोरगं म्हणालं, "काका, सिम कुणाच्या नावावर हाय?" तेव्हा आठवलं. सिम माझ्या चुलतभावाच्या नावावर! खूप वर्षांपूर्वी कसल्याशा स्कीममध्ये त्याच्या कागदांवर घेतलेलं, ते तसंच चाललेलं. भाऊ चाकणला कंपनीत. ज्याच्या नावावर सिम, त्यालाच समोर यायला लागतं. त्याला रविवारशिवाय सुट्टी नाही. रविवारी बिचारा आला, अंगठा दिला, सिम चालू झालं. मी लगेच कोड मागवला. आला नाही. पुन्हा मागवला, नाही आला. दुकानातलं पोरगं म्हणालं, "उद्या बघा काका. नवीन सिमला चोवीस तास मेसेज येत न्हाईत."

हे खरं आहे, आणि नियम चांगला आहे. दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून त्याच्या बँकेचे कोड पळवायचे प्रकार वाढले, म्हणून २०२२ साली दूरसंचार विभागानं सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास मेसेज बंद ठेवायला लावले. खऱ्या मालकाला कळायला तेवढा वेळ मिळावा म्हणून. मी खरा मालक होतो, पण तेवढे चोवीस तास मलाही थांबावं लागलं. सोमवारी संध्याकाळी सहा आकडे आले. मंगळवार ते सोमवार, सात दिवस मी माझ्याच दाराबाहेर उभा होतो. आणि चुलतभाऊ गावात भांडण करून बोलणं टाकलेला असता तर? आपल्याकडं असं होत नाही असं नाही.

तर माझा मुद्दा असा. "टू-स्टेप चालू करा" हा सल्ला सगळे देतात. पण तेवढाच दिला तर तो अर्धा आहे, आणि अर्धा सल्ला चोराआधी मालकालाच बाहेर ठेवतो. दुसरं कुलूप लावायचं, तर त्याची जादा किल्ली फोनच्या बाहेर, कागदावर असली पाहिजे. ती आधी तयार करायची, मग कुलूप लावलं असं म्हणायचं.

काही जण म्हणतील, मग ते दुसरं कुलूप लावायचंच कशाला? आमच्या शाळेच्या खात्यात कोण शिरतंय? त्यांच्यासाठी एक गोष्ट. मॅट होनन नावाचा अमेरिकन पत्रकार. ऑगस्ट २०१२ मध्ये तासाभरात त्याचं गूगल खातं पुसलं गेलं, फोन, टॅबलेट, लॅपटॉप सगळं लांबून कोरं केलं गेलं. लहानग्या मुलीचे फोटो त्या लॅपटॉपवर होते, दुसरी प्रत नव्हती. त्यातले बरेचसे नंतर तज्ज्ञांकडून पैसे मोजून परत मिळवावे लागले. शिरणाऱ्यांचं त्याच्याशी कसलंही वैर नव्हतं. त्यांना त्याचं ट्विटरवरचं तीन अक्षरी नाव आवडलं होतं, ते हवं होतं. खातं पुसलं ते केवळ तो मध्ये येऊ नये म्हणून. त्यानं स्वतःच नंतर लिहिलं, की गूगल खात्याला दुसरं कुलूप लावलेलं असतं तर हे बहुधा झालंच नसतं. म्हणजे तुमच्या खात्यात काय आहे याच्याशी चोराला कर्तव्य असेलच असं नाही. त्याला पुढं कुठंतरी जायचं असतं आणि तुमचं दार वाटेत असतं.

आता शाळेत काय केलं ते सांगतो. मी मॅडमना म्हटलं, गुरुजींना एक दिवस बोलवा. शनिवारी सकाळी गुरुजी आले. साधा माणूस, त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "आवं, मला तर वाटलं मी नीट बंदोबस्त केलाय." केलाच होता. चूक त्यांची नव्हती, पुढचं कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी फोनवर 'होय' दाबलं आणि शाळेच्या लॅपटॉपवर खातं उघडलं. myaccount.google.com वर गेलो, तिथं Security, त्यात 2-Step Verification. पुन्हा पासवर्ड विचारतो, टाकायचा. या पानावर दुसऱ्या पुराव्याच्या सगळ्या पद्धती एकाखाली एक दिसतात. बाकीच्या साठवण-खात्यांतही नावं थोडी वेगळी, पण सोय हीच.

मेसेजनं येणारा कोड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पण तो फोनला नाही, नंबराला बांधलेला असतो. एक तर आपल्या पाटगाव खोऱ्यात रेंजची काय अवस्था आहे ते मी सांगायला नको. डोंगरावर चढल्यावर चार मेसेज एकदम येतात, तोवर कोड शिळा. दुसरं म्हणजे नंबर कायमचा आपला नसतो. बराच काळ वापर नसला की तो बंद होतो, आणि पुढं दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, असं ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणजे त्यानंतर देता येतो. गुरुजींनी उद्या तो नंबर सोडला, तर शाळेचा कोड कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल.

म्हणून मॅडमच्या फोनवर ऑथेंटिकेटर नावाचं अॅप घेतलं. याची गंमत अशी, की त्याला रेंजही लागत नाही आणि सिमही. सुरुवातीला पडद्यावर एक काळा-पांढरा चौकोन येतो, तो अॅपनं टिपायचा. त्या चौकोनात एक गुप्त मजकूर असतो. तो मजकूर आणि घड्याळातली वेळ यांचं गणित करून अॅप दर तीस सेकंदांला सहा आकडे काढतं. गूगलही तिकडं तेच गणित करतं, दोन्ही जुळले की दार उघडतं. पाटगावच्या पुढं, कुठल्याही खबदाडात चालतं. बिघडतं ते घड्याळ हातानं पुढं-मागं केलं तर. आकडे बरोबर टाकूनही चूक म्हणत असेल, तर फोनची वेळ आपोआप घेण्यावर आहे का तेवढं बघायचं.

आणि इथं एक उपयोगाची गोष्ट. तो चौकोन पडद्यावर असतानाच दुसऱ्या फोननंही टिपता येतो. मग दोन्ही फोन तेच आकडे दाखवतात. आम्ही मॅडमबरोबर एका सहशिक्षकांच्या फोनवरही टिपला. आता मॅडम रजेवर असल्या तरी शाळा बंद पडत नाही. मात्र त्या चौकोनाचा फोटो काढून ठेवायचा नाही. तो फोटो म्हणजेच किल्लीचा साचा.

आणखी एक जपायचं. हे अॅप हल्ली आपले आकडे गूगल खात्यातच जपून ठेवायला तयार असतं, २०२३ पासून ती सोय आली. बाकीच्या खात्यांसाठी ठीक. पण ज्या खात्याची किल्ली, ती त्याच खात्यात ठेवली तर पुन्हा माझी पेटी. फोन गेला, की किल्ली काढायला खातं उघडायचं आणि खातं उघडायला किल्ली हवी.

आता मुख्य काम, Backup codes. त्या पानावर हे नाव दाबलं की दहा कोड तयार होतात, प्रत्येकी आठ आकडे. एक कोड एकदाच चालतो. छापायची आणि फाइल उतरवायची सोय समोरच असते, पण आम्ही दोन्ही टाळलं. शाळेत प्रिंटर नाही. म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवर टाकून चौकातल्या दुकानात जायचं, तिथं ती त्या कॉम्प्युटरवर कायमची राहणार. शिवाय शाईच्या प्रिंटरवरची छपाई ओल लागली की पसरते, आणि ओल म्हणजे काय हे भुदरगडात वेगळं सांगायला नको. दहा कोड म्हणजे सगळे मिळून ऐंशी आकडे. बॉलपेननं लिहायला पाच मिनिटं लागतात. एकानं वाचायचे, एकानं लिहायचे, मग लिहिणाऱ्यानं उलट वाचून दाखवायचे. एक आणि सात नीट काढायचे. सहशिक्षकांचा सात मला एक वाटला, तिथंच दुरुस्त केला. पुरात फोन गेल्यावर असला सात कळला असता, तर काय उपयोग?

असे दोन कागद केले. कागदावर पासवर्ड लिहिला नाही, खात्याचं नावही नाही. फक्त तारीख आणि 'शाळा, दहा'. हा कागद चोराला सापडला तरी नुसत्या कोडांनी काही उघडत नाही, आधी पासवर्ड लागतो. म्हणून तो कपाटात ठेवता येतो. पण पासवर्डाची डायरी आणि हा कागद एका खणात ठेवला, तर दोन कुलपं लावून दोन्ही किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्यासारखं. मॅडमची डायरी टेबलाच्या खणात होती, म्हणून कोडांचं पाकीट लोखंडी कपाटात गेलं. लॅमिनेशन करू का, असं मॅडमनी विचारलं. नको म्हटलं. वापरलेल्या कोडावर काट मारता आली पाहिजे.

मग गुरुजींना खात्यातनं मोकळं केलं. यात लोक नेहमी एक जागा विसरतात. गुरुजींचा नंबर दोन ठिकाणी होता. एक 2-Step Verification च्या पानावर, आणि दुसरा Recovery phone म्हणून वेगळाच. पहिला काढला आणि दुसरा राहिला, तर अर्धी किल्ली त्यांच्याकडंच राहते. दुसऱ्या ठिकाणी मॅडमचा नंबर घातला. त्यातही मेख आहे. नंबर बदलल्यावरही आठवडाभर गूगल जुन्या नंबरावर कोड पाठवायची मुभा ठेवू शकतं, कुणी चोरून बदलला असेल तर खऱ्या मालकाला वाव राहावा म्हणून. म्हणून गुरुजींना सांगितलं, आठवडाभर कसलाही कोड आला तर कुणाला सांगायचा नाही, मॅडमनी मागितला तरी आधी आवाज ओळखा. शेवटी Your devices मध्ये जाऊन गुरुजींच्या फोनवरनं खातं बाहेर काढलं. ते झाल्याशिवाय 'होय' दाबायची सूचना त्यांच्याकडंच जात राहते.

गुरुजी म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, नाही. किल्ली लागते का बघूया. माझ्या लॅपटॉपवर खासगी खिडकी उघडली, म्हणजे आधीची काही ओळख नाही. पासवर्ड टाकला. अॅपचे आकडे मागितले, ते दिले नाहीत. Try another way, त्यात आठ आकडी कोडाचा पर्याय, कागदावरचा पहिला कोड टाकला. दार उघडलं! तिथंच खाली Don't ask again on this device असं एक चौकोनी खूण केलेलं वाक्य असतं. ती खूण आपोआप आलेली असते. परक्या कॉम्प्युटरवर ती आधी काढायची, नाहीतर त्या कॉम्प्युटरला दुसरं कुलूप कायमचं माफ. पहिल्या कोडावर दोन्ही कागदांवर काट मारली. उरले नऊ. खात्याच्या पानावरही किती उरले ते दिसतं. आपण काट न मारता तिथं आकडा कमी झालेला दिसला, तर समजायचं, कुणीतरी कागद बघितलाय. मग पासवर्ड बदलायचा आणि कोड नवे काढायचे. नवे काढले की जुने सगळे त्याच क्षणी रद्द होतात. हेही विसरून चालत नाही. एका कागदावर नवे आणि दुसऱ्यावर जुनेच राहिले, तर गरजेच्या दिवशी नेमका जुना कागद हातात येतो. कागदावर तारीख घालायची ती यासाठीच.

सगळं मिळून पाऊण तास गेला. त्यातला निम्मा वेळ पोहे खाण्यात.

आता जे मला खरं म्हणायचं आहे ते. हा पाऊण तास कुणाच्याच कामात धरलेला नाही. तालुक्यात ऑनलाइन फसवणुकीवर जागृतीचे कार्यक्रम होतात, मी बातम्याही करतो. "ओटीपी कुणाला सांगू नका" इथं कार्यक्रम सुरू होतो आणि हार-तुऱ्यांनी संपतो. ते बरोबरच आहे. पण ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीचं खातं ऑपरेटरच्या नंबरावर, तो कंत्राटी, सहा महिन्यांनी दुसरा. मंडळाचा चाळीस वर्षांचा जमाखर्च खजिनदाराच्या पोराच्या मेलवर, तो दुबईला. याला कुणाची लबाडी म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी जो कॉम्प्युटरवर बसला होता त्यानं आपला नंबर टाकला, एवढंच. पण परिणाम काय? गावाची मालमत्ता एका खासगी सिमला टांगलेली.

माझं म्हणणं साधं आहे. चार्ज यादीत दोन ओळी वाढवा. संस्थेच्या खात्याचं नाव, आणि कोडांचं बंद पाकीट, तारखेसह, उरलेले कोड किती. देणाऱ्यानं सही करायची, घेणाऱ्यानं पाकीट फोडून मोजायचं, नवे कोड काढायचे, नवं पाकीट करायचं. यासाठी शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी, सचिव आपल्या पातळीवर आज करू शकतात. दुसरं पाकीट इमारतीच्या बाहेर ठेवा. समितीच्या अध्यक्षाच्या घरी, बँकेच्या लॉकरात, कुठंही, पण पुराच्या आणि आगीच्या एकाच तडाख्यात दोन्ही जाणार नाहीत असं.

यावर एका मित्रानं आक्षेप घेतला, तो खरा आहे. पाकीट अध्यक्षाकडं आणि पासवर्ड मुख्याध्यापकांकडं, उद्या दोघांचं राजकारणावरनं वाजलं तर? उत्तर असं, की अध्यक्षाच्या पाकिटानं एकट्यानं काही उघडत नाही आणि मुख्याध्यापक फोनवरच्या अॅपनं आत जाऊ शकतात. भांडण झालं तर नवे कोड काढा, त्यांच्या पाकिटाचा तो कागद रद्दी होतो. पण दोघं मिळून तिसऱ्याच्या विरोधात गेले, तर मात्र याला तोड नाही. ते कुलपाचं काम नाही, ग्रामसभेचं आहे.

माझ्या स्वतःच्या खात्याचं विचाराल तर सिम आता माझ्या नावावर आहे. एक पाकीट घरी देव्हाऱ्याच्या खणात, रेशनकार्डाबरोबर. दुसरं कागलला बहिणीकडं. ती म्हणाली, "दादा, ह्यात पैसे हायत काय?" म्हटलं, न्हाईत, पण पैशासारखं ठेव. तिनं ते धान्याच्या कोठीवरच्या स्टीलच्या डब्यात ठेवलंय. डब्यावर 'मेथी' असं लिहिलंय.

शाळेच्या कपाटातल्या पाकिटात आज सकाळपर्यंत नऊ कोड आहेत. मॅडमनी फोटो पाठवला होता, पाकिटाचा, बंद. मी विचारलं, आतल्या कागदाचा तर नाही ना काढला? "नाही हो भाऊ," म्हणाल्या, "तेवढं आता कळतंय." जुने फोटो मिळाले, बातमी रविवारी येईल.